गोळी घालायची तरी कुणाला? व्हिलन नसलेल्या कादंबरीची पार्श्वभूमी

कादंबरीत व्हिलन नाही म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी संथ असणार, पाऊस, आठवणी, खिडकीत बसलेली माणसं वगैरे. पण या प्रकारातल्या मोठ्या कादंबऱ्या काढून बघा, उपासमार आहे, खून आहेत, घरंच्या घरं उठलेली आहेत, फक्त हे ज्याच्यामुळे झालं त्याची कॉलर धरायला गेलं की हाताला काही लागत नाही. आणि हे लेखकांना एकदम सुचलेलं नाही. व्हिलनची खुर्ची रिकामी व्हायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली, आणि प्रत्येक टप्प्यावर कादंबरीतलंच कोणीतरी चिडून एकच प्रश्न विचारतंय, की मग जबाबदार कोण?

सुरुवात डिकन्सपासून करू. 'ब्लीक हाउस' 1852-53 मध्ये हप्त्याहप्त्याने आली. त्यात ग्रिडली नावाचा एक माणूस आहे, बापाने मृत्युपत्रात शेती त्याला ठेवली आणि 300 पौंड भावाला. भांडण एवढंच, की त्या 300 मधले काही आधीच दिले होते का. एवढ्यासाठी केस चान्सरी कोर्टात, म्हणजे इंग्लंडमधल्या वारसा-मालमत्तेच्या कोर्टात गेली, सतरा जणांना प्रतिवादी केलं गेलं आणि खर्च झाला त्या रकमेच्या तिप्पट. तो ओरडत फिरतो तर सगळे त्याला समजावतात की बाबा, कुणा एकाला दोष देऊ नकोस, ही सिस्टीम आहे. यावर त्याचा नुसता भडका उडतो, कारण न्यायाधीश म्हणणार मी नाही सिस्टीम, वकील म्हणणार मी नाही सिस्टीम, मग मी जाब विचारायचा कुणाला? हे 1853 च्या आत लिहून झालंय! पण डिकन्सला शेवटपर्यंत धीर झाला नाही असं मला वाटतं, त्याने कोर्टाच्या जोडीला टल्किंगहॉर्नसारखा गुपितं दाबून ठेवणारा वकील ठेवलाच, म्हणजे वाचकाला राग काढायला एक चेहरा मिळाला.

पुढचा धक्का फ्रान्समधून, आणि तोही कादंबरीच्या बाहेरून आला. तेन या समीक्षकाने 1860 च्या दशकात मांडलं की माणूस घडतो तो वंश, परिसर आणि काळ यांतून, आणि सद्गुण-दुर्गुण हे साखर किंवा व्हिट्रिऑल या तेजाबासारखे तयार होणारे पदार्थच आहेत. कादंबरीकार झोलाने हे वाक्य आपल्या कादंबरीच्या कपाळावरच छापलं, आणि 1880 मध्ये तर क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली पद्धत कादंबरीला लावायची असा जाहीरनामाच काढला. जाहीरनामा आज वाचवत नाही, खरं सांगायचं तर. पण त्याचा एक परिणाम पक्का झाला, दुष्टपणा हे कारण उरलं नाही, तो कशाचा तरी परिणाम ठरला. मग व्हिलनचं काम काय?

याचं उत्तर झोलाच्या 'जर्मिनल'मध्ये आहे (1885), आणि ही कादंबरी मला या सगळ्या इतिहासातली मुख्य वाटते. 1884 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आंझँच्या कोळसा खाणीत संप चालू असताना तो स्वतः तिथे गेला, खाणीत उतरला, नोट्स काढल्या. कादंबरी उघडते तेव्हा रात्रीच्या अंधारात काम शोधत आलेला एतिएन म्हाताऱ्या खाणकामगाराला विचारतो, हे सगळं कुणाचं? म्हातारा म्हणतो माहीत नाही, कोणा लोकांचं, आणि लांब अंधाराकडे हात करतो.

आता संप कशावरून पेटतो ते बघा. खाणीत कोळसा काढताना छताला लाकडाचे टेकू द्यावे लागतात. कामगाराला पैसे मात्र कोळशाच्या गाड्यांवर मिळतात, त्यामुळे टेकू लावण्यात घालवलेला वेळ म्हणजे बुडालेली मजुरी, मग ते टेकू कसेतरी ठोकतात. कंपनी म्हणते ठीक आहे, टेकूंचे पैसे वेगळे देतो आणि गाडीचा दर 50 सांतीमवरून, म्हणजे अर्ध्या फ्रँकवरून, 40 वर आणतो. ऐकायला किती शहाणपणाचं! सुरक्षेचं कारण आहे, हिशोब आहे, मंदी चालू आहे. फक्त टेकूंच्या पैशांतून ती दहा सांतीमची तूट भरून निघत नाही, घरी हिशोब केला की भाकरी कमी पडते. या निर्णयात कुणी मिशीवर ताव मारत हसलेलं नाही, आणि तरी यातूनच पुढची सगळी प्रेतं पडतात.

मालकांकडे जावं तर ग्रेग्वार कुटुंब दिसतं, पणजोबांनी 10,000 फ्रँकचा हिस्सा घेतला होता, त्यावर पिढ्या बसून खातायत. माणसं प्रेमळ आहेत, हा भाग महत्त्वाचा. खाणकामगाराची बायको पोरांना घेऊन दारात येते, तिला हवेत पाच फ्रँक, ते तिला कपडे देतात आणि पोरांच्या हातात गोड पाव, पण पैसे नाहीत, कारण गरिबांना पैसे दिले की ते दारू पितात असं त्यांचं तत्त्व. मॅनेजर एनबो तर पगारी नोकर, निर्णय वरून येणार, बायको त्याच्याच भाच्याबरोबर, आणि बाहेर जमाव भाकरीसाठी ओरडत असताना हा आत बसून त्या उपाशी लोकांचा हेवा करतोय. मग जमावाचा राग निघतो कुणावर? उधारीच्या बदल्यात बायकांना नासवणाऱ्या दुकानदारावर. तो नीच आहेच, पण हाताशी सापडला म्हणून तो. आणि शेवटी गळा दाबला जातो तो ग्रेग्वारांच्या मुलीचा, मदत घेऊन आलेल्या पोरीचा. व्हिलन जागेवर नसला की सूड चुकीच्या पत्त्यावर जातो, हे झोलाने स्पष्ट दाखवलं.

1939 मध्ये स्टाइनबेकने 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये हेच आणखी नागडं करून मांडलं. पाचव्या प्रकरणात बँकेच्या वतीने ट्रॅक्टर घर पाडायला आलाय, शेतकरी बंदूक घेऊन उभा, आणि ट्रॅक्टरवर ओळखीच्याचाच पोरगा, दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून. मला मारून काय होणार, उद्या दुसरा येईल, तो म्हणतो. मग बँकेचा अध्यक्ष? त्याला पूर्वेकडून ऑर्डर येते. असं करत करत प्रश्न हवेतच विरतो. इथे शेतकऱ्याला नावसुद्धा नाही, म्हणजे आता व्हिलनसोबत पीडितही कोणीही असू शकतो.

आपल्याकडे जवळपास त्याच काळात, 1936 ला प्रेमचंदांचं 'गोदान' आलं, आणि माझ्या मते त्यांनी एक गोष्ट पाश्चात्यांपेक्षा जास्त नीट पकडली. जमीनदार रायसाहेब सुरुवातीलाच होरी या गरीब शेतकऱ्यासमोर मन मोकळं करतात, आम्ही पण अडकलोय, ही जमीनदारी आम्हालाच खातेय वगैरे, आणि ऐकताना खरंच वाईट वाटतं. तेवढ्यात नोकर येऊन सांगतो की वेठबिगारीवरचे मजूर खायला दिल्याशिवाय काम करायला तयार नाहीत. रायसाहेबांचा पारा चढतो, धमकीची भाषा सुरू होते. दोन्ही रायसाहेब खरे आहेत.

नंतर या प्रकाराची नक्कल भरपूर झाली आणि बरीचशी फसली, ती इथेच. सगळे बिचारे, सगळे परिस्थितीचे बळी, आणि परिस्थिती म्हणजे नुसतं धुकं. अशी कादंबरी हातात आली की मी एकच बघतो, ते 50 चे 40 सांतीम कुठे झाले हे लेखकाला माहीत आहे का, आणि ते करताना सही करणाऱ्याला त्यातून काय मिळालं हे तो लपवतोय का.