बाण दरीकडे दाखवतो तेव्हा

डोंगरात वाट चुकली आहे हे कळलं की माणूस मनगटावरच्या जीपीएस घड्याळाचं बटण दाबतो आणि ‘सुरुवातीकडे परत’ असा काहीतरी पर्याय निवडतो. पडद्यावर बाण येतो आणि तो सरळ दरीकडे दाखवतो. घड्याळ बिघडलेलं नसतं, त्याला प्रश्नच वेगळा विचारला गेलेला असतो.

परत नेण्याचे प्रकार दोन. एकात घड्याळ फक्त सुरुवातीचा बिंदू लक्षात घेतं आणि त्याची दिशा दाखवतं. मध्ये कडा आहे की ओढा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुसऱ्यात ते तुम्ही आलात ती रेघ उलटी करून तुमच्यासमोर ठेवतं. गार्मिनच्या घड्याळांत `Back to Start` मध्ये गेलं की `TracBack` आणि `Straight Line` असे दोन पर्याय दिसतात. अ‍ॅपल वॉचच्या कंपास अ‍ॅपमध्ये पावलांच्या चिन्हाने चालण्याची नोंद सुरू होते आणि परतताना `Retrace Steps` दाबायचं असतं. इतर अ‍ॅपमध्ये नावं बदलतात. डोंगरात, जंगलात आपल्याला हवा असतो तो हा दुसरा प्रकार. नाव काहीही असो, पडद्यावर तुमच्या चालण्याची वेडीवाकडी रेघ दिसते की एकच सरळ रेषा, एवढं पाहिलं की कळतं.

ही रेघ म्हणजे वाट नव्हे. घड्याळ ठरावीक वेळाने उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा काढतं आणि वेळेसकट टिपून ठेवतं. अक्षांश, रेखांश, वेळ, पुन्हा अक्षांश, रेखांश, वेळ. असे हजारो ठिपके साठतात आणि पडद्यावर ते रेघेने जोडले जातात. दोन ठिपक्यांमध्ये तुम्ही कसे गेलात हे घड्याळाला ठाऊक नसतं, तिथे ते सरळ रेघ ओढून मोकळं होतं.

दर सेकंदाला ठिपका पडत असेल तर याने काही बिघडत नाही. पण बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये काही घड्याळं मिनिटाला एखादाच ठिपका घेतात. ताशी 4 किलोमीटरने चालणारा माणूस मिनिटात साधारण 67 मीटर जातो. आता उतारावरची नागमोडी वाट डोळ्यांसमोर आणा, जिचं एकेक वळण 40 मीटरचं आहे. दोन ठिपक्यांच्या मध्ये अख्खं वळण गडप होतं आणि पडद्यावर दिसते उतारावरून थेट खाली घसरणारी रेघ. तिच्यामागे जाणारा घसाऱ्यावर पोचतो. जेवायला बसताना नोंद थांबवली आणि उठल्यावर पुन्हा सुरू करायची राहिली, तरी हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. ओळखायची खूण सोपी आहे: रेघ कुठे पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली की तिथे वाट नाही, नोंदीतला खड्डा आहे.

अर्थात हे सगळं नोंद आधीपासून चालू असेल तर. हरवल्यावर सुरू केलेली नोंद फार तर हरवल्या जागी परत आणते.

आता एक प्रसंग घेऊ. समजा सकाळी 7:10 ला चालायला सुरुवात केली, तेव्हाच नोंदही सुरू केली. 9:20 ला एका फाट्यावर नकळत चुकीची वाट धरली. ती सोंडेवरून उतरत गेली आणि 9:50 ला झाडीत विरून गेली. मग माणूस करतो तेच केलं: थोडं डावीकडे पाहिलं, थोडं खाली, मग वर. 25 मिनिटं अशी गेली. 10:15 ला बटण दाबलं.

या 25 मिनिटांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात, आणि त्यामागचं कारण प्रयोगांतही दिसलं आहे. यान साउमान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं की गोल फिरू लागली आणि आपलाच माग ओलांडूनही त्यांना पत्ता लागला नाही. डोळे बांधून चालवलं तेव्हा काहींची वर्तुळं 20 मीटर व्यासाइतकी लहान होती.

म्हणजे आपल्या प्रसंगातल्या रेघेच्या टोकाला एक गुंता आहे. उलट नेणारी सोय हा गुंताही प्रामाणिकपणे उलगडायला जाते. आधी वर, मग खाली, मग डावीकडे. तेव्हा लगेच बाणामागे निघू नका. नकाशाचा पडदा उघडा आणि लांबून पाहा. गुंत्यातून एकच शेपटी बाहेर जाते, ती तुमची खरी वाट. अ‍ॅपमध्ये बिंदूची वेळ बघता येत असेल तर आणखी सोपं: 9:50 नंतरचे ठिपके सोडून द्यायचे. शेपटी सुरू होते तिथवर जायचं, पण स्वतः तुडवलेल्या जमिनीवरूनच. गुंता छोटा असतो, त्यात दोनशे मीटर जास्त चालल्याने फरक पडत नाही. त्या पलीकडचा मोठा वळसा वाचवायला मधूनच घुसणं मात्र मी टाळेन. रेघेचा एकमेव मोठा गुण हा की तिच्यावरून माणूस एकदा जिवंत गेलेला आहे.

चालायला लागण्याआधी आणखी एक गंमत. उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे हे उपग्रहांवरून कळत नाही, त्यांच्यावरून फक्त जागा कळते. दिशा कळते ती एकतर तुम्ही हललात की, किंवा घड्याळातल्या चुंबकीय होकायंत्रावरून. हे होकायंत्र शेजारच्या पॉवर बँकने, फोनने किंवा लोखंडी वस्तूने सहज बिथरतं. बाण भिरभिरत असेल तर मनगट या वस्तूंपासून लांब धरा, हाताने हवेत इंग्रजी आठचा आकडा काढा आणि वीसेक पावलं चाला. तुमचा ठिपका रेघेवरून ज्या बाजूला सरकतो तीच बाजू खरी. बाण आणि ठिपका यांचं भांडण झालं तर ठिपक्याचं ऐकायचं.

मग किती वेळ लागेल? फाट्यापासून इथवर दीड किलोमीटर चाल आणि 200 मीटर उतार झाला होता, अर्ध्या तासात. परतताना तोच चढ आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा जुना हिशेब अजून चालतो: ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास वर. दीड किलोमीटरची 18 मिनिटं, 200 मीटर चढाची 20. एकूण 38, आणि दमलेल्या पायांसाठी पाऊण तास धरावा. म्हणजे अकराच्या सुमारास फाटा. चालण्याच्या ताज्या वेगावरून काढलेला अंदाज घड्याळ दाखवत असेल तर चढावर तो सतत बदलत राहतो, त्याने घाबरून जाऊ नये.

खरी कसोटी लागते ती परतीच्या फाट्यांवर. जाताना मागच्या बाजूने, तिरक्या कोनात येऊन मिळणारी वाट आपल्याला दिसतच नाही, कारण ती पाठीमागे असते. परत येताना तीच वाट समोर फाटा होऊन उभी राहते, आणि आपण तर शपथेवर सांगू की इथे फाटा नव्हताच. रेघेवरही तो नसतो, कारण रेघ फक्त आपण चाललेली वाट जाणते.

इथे घड्याळाकडे पाहून लगेच उत्तर मिळेल अशी आशा नको. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण 5 मीटरच्या आत जागा सांगतो. दाट झाडीत किंवा अरुंद घळीत संदेश कड्यांवर आपटून उशिरा पोचतात. उपग्रह आहे त्यापेक्षा लांब वाटतो आणि जागा बाजूला सरकते. शिवाय चूक दोनदा होते: जाताना रेघ 10 मीटर उजवीकडे पडली असेल आणि आत्ता तुमचा ठिपका 10 मीटर डावीकडे पडत असेल, तर अगदी त्याच वाटेवर उभे असूनही तुम्ही 20 मीटर भरकटलेले दिसाल.

आता दोन वाटा 15 अंशांच्या कोनात फुटल्या असं समजा. चाळीस मीटर चालल्यावर त्यांच्यातलं अंतर जेमतेम 10 मीटर होतं, म्हणजे चुकीच्या वाटेवर असूनही ठिपका रेघेजवळच दिसणार. अंतर 20 मीटर व्हायला जवळजवळ 80 मीटर चालावं लागतं. म्हणून फाट्यावर एक वाट धरावी, शंभरेक मीटर जावं आणि मग पडदा पाहावा. ठिपका आणि रेघ यांतलं अंतर दर वेळी पाहताना वाढत असेल तर वाट चुकीची, फाट्यावर परत. अंतर असूनही ते तेवढंच राहत असेल तर वाट बरोबर आणि चूक उपग्रहांच्या मोजणीतली. एकदा पाहिलेलं अंतर काही सांगत नाही, ते वाढतंय की नाही हे सांगतं. भरकटल्याचा इशाराही घड्याळ याच कारणाने उशिरा देतं. लगेच दिला असता तर तो दिवसभर वाजतच राहिला असता.

बाकी वेळ नजर जमिनीवर ठेवावी. पायाखाली मळलेली वाट स्पष्ट दिसत असताना ठिपका रेघेवर बसवायला झुडपात शिरणारी माणसं मी पाहिली आहेत. रेघेवर मध्येच कोळ्याच्या जाळ्यासारखी गिचमिड दिसली तर तिथे बाण वेडावाकडा फिरेल, फिरू द्यावा. ती तुमची विश्रांतीची जागा. तुम्ही बसला होतात आणि घड्याळ मात्र मोजणीतल्या चुकांना चालणं समजून ठिपके टाकत होतं. परतताना मात्र ती छान खूण होते: ज्या दगडावर बसलो तो दगड आला की रेघ बरोबर आहे.

फोनवर हे करत असाल तर तो विमान मोडवर टाकला तरी चालतो, कारण उपग्रहांचे संदेश फोन फक्त ऐकतो, पाठवत काही नाही. रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी तेवढी वाचते. नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर मागे कोरा पडदा दिसेल, पण रेघ आणि ठिपका दिसतच राहतात. एकच गोष्ट करू नका: घाईत नोंद बंद करून जतन करू नका. बऱ्याच घड्याळांत जुन्या नोंदींच्या यादीतून तीच रेघ पुन्हा उघडता येते, पण ते मेनू थंडीत, घामेजल्या बोटांनी शोधायचे नसतात.

नोंद चालू ठेवली तर परतीचीही रेघ जाण्याच्या रेघेशेजारी उमटते. घरी आल्यावर त्या दोन्ही मोठ्या करून पाहा. मोकळ्या सोंडेवर त्या एकमेकींवर बसलेल्या असतात, घळीत शिरताच पंधरा-वीस मीटरने फाकतात आणि बाहेर पडल्या की पुन्हा जुळतात. चाललात तुम्ही दोन्ही वेळा एकाच वाटेवरून.