पगारी सुट्टी, रोजंदारी आणि ‘दुप्पट’चा घोळ

सरकारी सुट्ट्यांची यादी निघाली की खासगी दुकानातला कामगारही ती आपलीच समजतो. पण ती यादी 1881 च्या धनादेश-हुंड्यांच्या कायद्याखाली निघते. त्या दिवशी बँका बंद राहतात. दुकानमालकाला मात्र त्यातून काहीच बंधन नसते.

दुकान कामगाराचा हक्क 1948 च्या मुंबई दुकाने कायद्यातून आला. 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्या सुट्ट्या आठ केल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवलेले चार सण. मात्र तो कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणापुरताच होता, त्यामुळे गल्लीतली छोटी दुकानं बाहेर राहिली. 

कायद्यात महिनेवाला आणि रोजंदारीवाला असा भेद नाही. भेद हजेरीपत्रकावर होतो. महिना 13,000 रुपये घेणाऱ्या सेल्समनचा पगार 15 ऑगस्टला दुकान बंद राहिलं तरी कापला जात नाही. त्याच दुकानात 500 रुपये रोजावर गठ्ठे उचलणाऱ्याच्या रकान्यात मात्र त्या दिवशी खाडा पडतो. रक्कम तीच आहे. 13,000 ला 26 ने भागलं की 500 च येतात.

सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट मजुरी आणि वर बदली सुट्टी, असं कायदा म्हणतो. सगळी भांडणं या ‘दुप्पट’वरच. मालक म्हणतो, एक रोज पगारात आधीच आहे, वर 500 दिले की झाले 1,000. कामगार म्हणतो, पगारातला रोज सुट्टीचा आहे, कामाचे 1,000 वेगळे. रोजंदारीवाल्याच्या बाबतीत हा वाद उठतच नाही, कारण त्याला 500 देऊन वाटेला लावलं जातं आणि बदली सुट्टीचं नावही निघत नाही. माझ्या मते कामगाराचं वाचन जास्त सरळ आहे. सुट्टी पगारी असेल तर तिचे पैसे काम न करताही मिळणारच होते, मग तेच पैसे कामाच्या मोबदल्यात कसे मोजायचे? पण पगारपत्रकं बहुतेक मालकाच्या गणितानेच निघतात, आणि बदली सुट्टी दिली म्हणजे दुप्पट द्यायची गरज नाही, असाही एक सोयीचा समज रूढ आहे.

रोजंदारीवाल्याला सुट्टीचे पैसे द्यायचे की नाही, ही शंका एका कायद्याने आधीच मिटवली होती. 1996 मध्ये निवडणूक कायद्यात मतदानाच्या दिवसाच्या पगारी सुट्टीचं कलम आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, की ज्याला अशा दिवशी एरवी मजुरी मिळत नाही त्यालाही, सुट्टी नसती तर मिळाली असती तेवढी मजुरी द्यायची. रोजंदारीवाल्याला नजरेसमोर ठेवून लिहिलेलं ते वाक्य दुकानांच्या कायद्यात मात्र आलं नाही.