मोडी कागदाच्या फोटोसोबतची विनंती

मोडी कागदाच्या फोटोसोबतची विनंती म्हणजे जुन्या मोडी कागदाचा फोटो जाणकाराला पाठवताना खाली लिहायचं ते एक वाक्य. त्यात काय हवंय, कोणासाठी, कशा रूपात आणि कुठे थांबायचं हे चारही आलं पाहिजे. बहुतेक जण फोटोखाली नुसतं "काय लिहिलंय बघा ना" टाकतात, मग उत्तर येतं "पणजोबांनी जमीन घेतल्याचं खरेदीखत आहे", जे घरात आधीच माहीत असतं, आणि ज्या चतुःसीमेसाठी कागद काढला ती राहूनच जाते. यात वाचणाऱ्याची चूक नाही, त्याला विचारलंच तेवढं.

मोडीत हे जास्त नडतं कारण मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, दिन आणि दीन सारखेच दिसतात, त्यामुळे वाचणारा पावलोपावली संदर्भावरून ठरवत असतो. तो संदर्भ तुमच्या वाक्यातून मिळाला नाही तर तो स्वतःचा लावतो.

समजा भावकीत बांधावरून बोलणी चाललीत आणि पणजोबांचं खरेदीखत सापडलंय, एक कोपरा फाटलेला. तर असं लिहावं: "सोबतच्या फोटोतल्या खरेदीखतातला फक्त क्षेत्र आणि चतुःसीमेचा भाग हवाय, मोडी न येणाऱ्या काकांना वाचून दाखवायचाय, म्हणून मुळाप्रमाणे ओळीला ओळ देवनागरीत टाइप करून द्या, आणि फाटलंय तिथे अंदाजाने शब्द न घालता प्रश्नचिन्ह ठेवा."

यातलं "ओळीला ओळ" फार कामाचं आहे, कारण मोडी न येताही तपासता येतं: फोटोतल्या त्या भागात सात ओळी आणि उत्तरात पाचच असतील तर काहीतरी गाळलंय किंवा सारांश केलाय. तसंच कोपरा फाटलेला असूनही एकही प्रश्नचिन्ह नसेल तर तिथला शब्द अंदाजाने भरलाय असं धरून परत विचारावं, आणि पूर्वेस अमक्याची जमीन अशा ओळीत तो अंदाज असेल तर सगळं भांडण त्याच नावावर उभं राहतं.

कोणासाठी ते बदललं की बाकीचं वाक्यही बदलतं. वकिलाला द्यायचं असेल तर तुकडा चालत नाही, लिहून घेणार, लिहून देणार, साक्षी, शिक्के सगळं क्रमाने लागतं, आणि कागदाच्या पाठीमागे नोंदणीचा शेरा असू शकतो म्हणून मागच्या बाजूचाही फोटो जोडावा लागतो. तारखेचं पण सांगावं. कागद पेशवाईतला असेल तर "सलास सबैन मया व अलफ" असं अरबी अंकांच्या शब्दांत शुहूर सन येतं, म्हणजे ११७३, त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७२, पण हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने शेवटचे महिने १७७३ मध्ये जातात, म्हणून "मूळ शब्द आणि इसवी सन दोन्ही द्या" एवढं घालायचं.

गावाची, माणसांची नावं माहीत असतील तर ती वाक्याच्या आत न कोंबता खाली वेगळी द्यावीत, वाचायला मदत होते, पण सोबत "कागदात दिसलं तरच हे नाव लिहा" म्हणावं, नाहीतर अस्पष्ट अक्षरांत तेच नाव दिसायला लागतं.