नव्या घरात ‘चढताना’: ख्रप की खा?

थाई माणूस नव्या घरात शिरत नाही, चढतो. वास्तुशांतीला तिथे ‘खून बान माय’ म्हणतात: खून म्हणजे चढणे, बान म्हणजे घर, माय म्हणजे नवे. जुनी थाई घरे खांबांवर उभी असत आणि आत जायला जिना चढावा लागे. आता बँकॉकमध्ये लिफ्टने विसाव्या मजल्यावर गेले तरी शब्द तोच आहे. समारंभाला बहुतेक ठिकाणी नऊ भिक्खू बोलावतात, कारण ‘नऊ’ आणि ‘पुढे पाऊल’ हे दोन्ही शब्द थाईत सारखेच ऐकू येतात.

अशा घरी मित्राला म्हणायचे, ‘यिनदी दुआय ना’, म्हणजे अभिनंदन हं. वर आशीर्वाद जोडायचा, ‘खो हाय यू येन पेन सुक’. यातला ‘सुक’ म्हणजे आपलेच सुख, संस्कृतातून गेलेले. ‘येन’ म्हणजे थंड. त्या उकाड्याच्या देशात सुखाने नांदणे म्हणजे थंडाव्यात राहणे!

पण वाक्य इथे थांबवले, तर फार जवळच्या मित्राखेरीज इतरांना ते जरा उघडेबोडके वाटते. शेवटी आदराचा प्रत्ययवजा शब्द हवा. पुरुष ‘यिनदी दुआय ना ख्रप’ म्हणतो, बाई ‘यिनदी दुआय ना खा’. समोर कोण आहे याने फरक पडत नाही, बोलतो कोण ते महत्त्वाचे. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळते, तसेच हे. फक्त आपल्याकडे क्रियापद बदलते, थाई क्रियापद मात्र जागचे हलत नाही. सगळा भार शेवटच्या अक्षरावर.

‘ख्रप’ सोपा आहे. विधान असो वा प्रश्न, सूर उंचच. घाईत ‘र’ गळतो आणि ‘खप’ उरतो. बाईच्या ‘खा’ला मात्र दोन सूर आहेत. दारात उभी राहून ती विचारते, ‘खाओ दाय माय खा?’, आत येऊ का? इथे ‘खा’ उंच. यजमानीण उत्तर देते, ‘दाय खा’, या की. हा ‘खा’ उंचावरून खाली घसरतो. थाई लिपीत घसरत्या ‘खा’वर एक छोटे सूरचिन्ह असते, उंच ‘खा’वर नसते. आता गंमत पाहा: ‘ना खा’ विधानात आला तरी तिथला ‘खा’ उंचच, कारण ‘ना’ बोलण्यात आर्जव आणतो. म्हणून अभिनंदनाच्या संदेशात सूरचिन्ह चुकून टाकले जाते. ही चूक खुद्द थाई मंडळीही सर्रास करतात.

परक्या पुरुषांची फजिती वेगळी. शिक्षिकेकडून भाषा शिकलेला गडी तिच्यामागून म्हणत राहतो आणि मित्राच्या घरी जाऊन थाटात ‘ना खा’ म्हणतो. अर्थ कळतो, अभिनंदन पोहोचते, पण पाहुणे गालात हसतात. अर्थात ‘खा’ म्हणणारी प्रत्येक व्यक्ती जन्माने बाई असते असेही नाही. ट्रान्स स्त्रियाही ‘खा’च म्हणतात.