आधी रिव्हर्ब की आधी फझ? शूगेझच्या भिंतीचे दोन प्रकार

शूगेझ, म्हणजे गिटारच्या दाट, धूसर आवाजाचं रॉक, ऐकून गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी दुकानातून दोनच पेडल घेऊन येतो, एक आवाज फाडणारा फझ आणि एक घुमारा देणारा रिव्हर्ब. दोन्ही चालू करतो, तार छेडतो आणि म्हणतो, "धुकं आलं, पण भिंत कुठाय?" मीही तसाच बसलो होतो. पेडल तीच होती, फक्त केबल उलटी लावायची होती.

गिटारमधून फझ, फझमधून रिव्हर्ब आणि मग अँप, ही एक जोडणी. गिटारमधून आधी रिव्हर्ब आणि मग फझ, ही दुसरी. कागदावर दोन्ही म्हणजे "फझ अधिक रिव्हर्ब", म्हणून लोक त्यांना एकच समजतात. कानाला मात्र त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

डोळ्यांसमोर देवळाचा घुमट आणा. फाटक्या आवाजाचा भोंगा घुमटात ठेवून वाजवला तर काय होईल? भोंगा फाटकाच राहील, पण त्याचा आवाज घुमटात गोल होऊन लांबवर मऊ विरत जाईल. ही पहिली जोडणी. आता भोंगा बाहेर रस्त्यावर ठेवा आणि घुमटात माइक लावा. आत कुणी एकदाच "ओ" म्हणालं की त्याचा सगळा घुमारा माइकमधून भोंग्यात जाणार आणि भोंगा तो घुमाराच फाडून बाहेर फेकणार. ही दुसरी. पहिलीत आवाज विरतो, दुसरीत विरणंच मोठं होतं.

असं का होतं, हे थोडे आकडे घेतले की लगेच कळतं. आकडे सोयीचे आहेत, पण गणित खरं आहे. समजा तुम्ही कॉर्ड मारून लगेच तारा हाताने दाबल्या. सिग्नलची उंची 10. फझ आलेल्या सिग्नलला 50 ने गुणतो आणि 20 च्या वर जे जाईल ते छाटून टाकतो. रिव्हर्बचा डिके 3 सेकंदांचा, म्हणजे तेवढ्या वेळात आवाज हजारावा भाग उरतो. त्या हिशोबाने 1.4 सेकंदांनी तो साधारण पंचविसावा भाग झालेला असतो.

पहिल्या जोडणीत फझमधून 20 बाहेर पडले आणि रिव्हर्बमध्ये विरायला लागले. 1.4 सेकंदांनी उरले जेमतेम 0.8. दुसऱ्या जोडणीत 10 आधी रिव्हर्बमध्ये विरले आणि तेवढ्याच वेळात 0.4 झाले. पण फझने त्याला 50 ने गुणलं की पुन्हा 20! म्हणजे तारा दाबून जवळजवळ दीड सेकंद झाला तरी आवाज तसूभर कमी नाही. भिंत ती हीच. त्यानंतर मात्र ती मऊ विरत नाही. खरखरत, तुकडे पडत कोसळते. कुठली जोडणी आहे हे ओळखायची सगळ्यात सोपी खूणही हीच: कॉर्ड मारा, तारा दाबा आणि शेपूट ऐका.

ह्याची किंमत कॉर्डमध्ये मोजावी लागते. फझमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. 110 आणि 165 हर्ट्झ, म्हणजे षड्ज-पंचम, घेतले तर वजाबाकी 55. तो खालच्या सप्तकातला षड्जच. बेरीज 275, म्हणजे जवळजवळ शुद्ध गंधार. दोन तारांत न छेडलेला तिसरा स्वर फुकट मिळाला. पण रिव्हर्ब आधी असेल तर मागच्या कॉर्डचं शेपूट नव्या कॉर्डबरोबरच फझमध्ये घुसतं. मागचा 110 आणि नवा 98 भेटले की वजाबाकी 12. तो स्वर नाही, नुसती घरघर. म्हणून दुसऱ्या जोडणीत भराभर कॉर्ड बदलले की चिखल होतो. कॉर्ड कमी, बदल सावकाश, आणि लागोपाठच्या कॉर्डमध्ये एखादा स्वर सामाईक ठेवायचा. शूगेझमध्ये इतकी गाणी दोन-तीन कॉर्डवर का तरंगत असतात ह्याला हेही एक कारण असावं, असं माझं मत.

आता माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा शूगेझचा बँड. त्यांच्या 1991 च्या 'लव्हलेस' अल्बममधली गिटार ऐकून लोकांना वाटतं की गिटारवादक केव्हिन शील्ड्सच्या पायाशी पन्नास पेडल असणार, त्यात कोरस आणि फ्लँजर तर नक्कीच. त्या आवाजाचा गाभा मात्र फार साधा आहे. फेंडर जॅझमास्टरसारख्या गिटारचा ट्रेमोलो आर्म हातात धरूनच तो स्ट्रम करतो, त्यामुळे अख्खा कॉर्ड सतत किंचित वरखाली घसरत राहतो. जोडीला यामाहा एसपीएक्स-90 सारख्या यंत्रातला रिव्हर्स रिव्हर्ब. आधीचा घसरलेला सूर रिव्हर्बमध्ये रेंगाळत असतानाच नवा, जरा वेगळ्या उंचीचा सूर येतो. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि आपल्याला कोरस ऐकल्याचा भास होतो.

रिव्हर्स रिव्हर्ब नावाइतका उलटा नसतो. अजून न वाजलेला आवाज यंत्र उलटवणार तरी कसं? ते फक्त प्रतिध्वनी लहानापासून मोठे होत जातील असे रचतं आणि शेवटी पटकन तोडतं. मूळ सिग्नल पूर्ण बंद करून फक्त हाच आवाज फझमध्ये सोडला की पिकचा टोकदार ठोका नाहीसा होतो. स्ट्रम हळू केला की जोरात, हेही फारसं कळत नाही. नुसती लाट येते.

माझी फजिती इथेच झाली होती. केबल उलटी लावली, पण रिव्हर्बचा मिक्स निम्म्यावरच ठेवला. निम्मा मूळ सिग्नल फझमध्ये जात होता, आणि तोच जोरकस असल्यामुळे फझ त्यालाच चिकटून बसला. शेपटाला वाव मिळेना. मिक्स पूर्ण ओला केला, म्हणजे मूळ सिग्नल बंद करून फक्त रिव्हर्बचा आवाज ठेवला, फझचा गेन चक्क कमी केला आणि टोन खाली आणला, तेव्हा कुठे लाट दिसली. गेन जास्त असला की रिव्हर्बची बारीक सळसळही 50 पट होते. ती घालवायला फझनंतर हलका आवाज बंद करणारा नॉइज गेट लावाल तर तो नेमकं शेपूटच छाटतो. गेट लावायचाच तर गिटारच्या लगेच पुढे लावा.

पहिल्या जोडणीला कमी लेखू नका. स्लोडाइव्ह बँडच्या 1993 च्या 'सुव्लाकी' अल्बममधला मऊपणा हवा असेल तर फझ किंवा ओव्हरड्राइव्ह आधी, मग डिले, आणि रिव्हर्ब सगळ्यात शेवटी. इथे मिक्स पूर्ण ओला नको, तिसरा हिस्सा ओला पुरतो. कॉर्ड ओळखू येतात, शेपटं आपापल्या जागी विरतात आणि गाणाऱ्याला जागा उरते. दुसऱ्या जोडणीत गायकाचा आवाज भिंतीत गाडला जातो. 'लव्हलेस'मध्ये तो मुद्दामच गाडलेला आहे.

दोन रिव्हर्ब असतील तर एक फझच्या आधी आणि एक नंतर लावून बघा. फक्त आधीच्याचा डिके सेकंदभरच ठेवा. नाहीतर पहिला कॉर्ड संपायच्या आत तिसरा येऊन पोचतो आणि कानात राहते ती 12 हर्ट्झची घरघर.