जपानमधील चलनघट : उतरत्या भावांनी खरेदी कशी थांबवली

भाववाढीचा दर सहा टक्क्यांवरून तीनवर येणे आणि भाव प्रत्यक्षात खाली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या स्थितीत वस्तू महागतच असतात, फक्त सावकाश. दुसऱ्या स्थितीत, म्हणजे चलनघटीत, सर्वसाधारण किंमतपातळीच वर्षानुवर्षे घसरते. दुसऱ्या महायुद्धानंतर एखाद्या संपन्न देशाने ही स्थिती दीर्घकाळ अनुभवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे आहे, आणि भाव उतरल्याने अर्थव्यवस्था का मंदावते हे तिथल्या घटनाक्रमातून जेवढे स्पष्ट होते तेवढे केवळ सिद्धांतातून होत नाही.

या घटनाक्रमाची सुरुवात महागाईने झाली, पण ती दुकानांतली नव्हे, जमिनीची आणि शेअर्सची होती. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केल्यानंतर येन झपाट्याने वधारला. निर्यातीला बसणारा फटका सौम्य करण्यासाठी बँक ऑफ जपानने फेब्रुवारी १९८७ पर्यंत आपला अधिकृत व्याजदर अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त कर्जे जमिनीकडे वळली, त्या जमिनी तारण ठेवून आणखी कर्जे काढली गेली, आणि २९ डिसेंबर १९८९ रोजी जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला. मध्यवर्ती बँकेने ऑगस्ट १९९० पर्यंत दर सहा टक्क्यांवर नेल्यावर आधी शेअर्स कोसळले आणि पाठोपाठ जमीन. सरकारी जमीनदरांची देशव्यापी सरासरी १९९२ पासून सलग १५ वर्षे घसरत राहिली.

ग्राहक थांबतात म्हणजे काय, हे या १५ वर्षांत नेमके दिसते. घर घेण्याचा विचार एक वर्ष पुढे ढकलणाऱ्या कुटुंबाला पुढच्या वर्षी तेच घर स्वस्त मिळत होते, आणि घाई करून खरेदी केलेल्या शेजाऱ्याचे कर्ज घराच्या किमतीहून मोठे झालेले दिसत होते. थांबणाऱ्याचा निर्णय दरवर्षी बरोबर ठरत गेला, त्यामुळे थांबणे हा अंदाज न राहता अनुभवाने पक्का झालेला नियम बनला. आणि अशा प्रत्येक थांबलेल्या खरेदीमुळे मागणी आणखी कमी होऊन पुढची घसरण ओढवत होती.

दैनंदिन वस्तूंचे भाव मात्र बराच काळ टिकून होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु बँक आणि यामाइची सिक्युरिटीज ही मोठी नावे एकाच महिन्यात बुडाली. बँकांनी कर्जवाटप आवळले, कंपन्यांनी वेतनाला कात्री लावली, आणि १९९८ नंतर ग्राहक किंमत निर्देशांकही खाली सरकू लागला. मार्च २००१ मध्ये सरकारने देश सौम्य चलनघटीत असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. त्या काळाची खूण म्हणून मॅकडोनाल्ड्सच्या साध्या हॅम्बर्गरची किंमत सांगितली जाते : १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला २१० येनला मिळणारा हा पदार्थ २००२ मध्ये काही काळ ५९ येनला विकला गेला. २००१ मध्ये योशिनोया या उपाहारगृहांच्या साखळीने गोमांस आणि भाताचा आपला प्रसिद्ध वाडगा ४०० येनवरून २८० वर आणला, आणि स्पर्धकांनाही किमती उतरवाव्या लागल्या.

अशी टोकाची उदाहरणे लक्षात राहतात, पण एकूण निर्देशांकाची घसरण बहुतेक वर्षांत एक टक्क्याहूनही कमी होती. तेव्हा एक रास्त शंका उपस्थित होते : अर्ध्या-पाऊण टक्क्यासाठी कोणी तांदूळ किंवा साबण घेणे लांबवतो का? अर्थातच नाही. संगणकांच्या किमती तर जगभर दशकानुदशके उतरत आल्या आणि लोक ते घेतच राहिले. म्हणून ‘भाव उतरले की ग्राहक थांबतात’ हे विधान सरसकट केले तर चुकते, असे माझे मत आहे. थांबते ती घर, मोटार, यंत्रसामग्री यांसारखी मोठी, टिकाऊ आणि बहुधा कर्जावर होणारी खरेदी. शिवाय संगणक स्वस्त होतो तेव्हा घेणाऱ्याचा पगार कमी होत नाही, तर सर्वच भाव उतरतात तेव्हा कोणाच्या तरी मालाचे, आणि म्हणून कोणाच्या तरी पगाराचे, मोल उतरत असते.

हा फरक कळण्यासाठी एका काल्पनिक कारखानदाराचा हिशेब मांडता येईल. त्याची वार्षिक विक्री १० कोटी येन आहे आणि त्याच्या मालाचा भाव दरवर्षी एक टक्का उतरतो. दहा वर्षांनी तेवढेच नग विकूनही त्याच्या हाती सुमारे ९ कोटी ४ लाख येन येतील, पण जुन्या कर्जाचा हप्ता मात्र एका येननेही घटणार नाही. नवे यंत्र घेण्यासाठी बँक दोन टक्क्यांनी कर्ज देत असेल, तर भावातील घसरण धरता त्याच्यासाठी वास्तव व्याजदर तीन टक्के होतो. उलट काहीही न करता रोकड जवळ ठेवली तरी तिची क्रयशक्ती वर्षाला एक टक्क्याने वाढते. अशा वेळी शहाणा कारखानदार यंत्र न घेता कर्ज फेडतो. यंत्र बनवणाऱ्याची मागणी बुडते, तो उन्हाळी आणि हिवाळी बोनस कमी करतो, आणि त्या बोनसवर मोटार घेऊ पाहणारा कामगार आपली खरेदी पुढे ढकलतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता समंजस असतो, पण सगळे मिळून एकमेकांचे उत्पन्न कमी करतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, याच प्रक्रियेचे वर्णन केले होते : कर्जदार जितके फेडत जातात तितके भाव उतरतात, आणि उरलेले कर्ज अधिकच जड होते. जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून कंपन्यांचे क्षेत्र एकंदरीत कर्ज काढणारे न राहता बचत करणारे बनले, ही खुणेची गोष्ट होती.

एरवी मध्यवर्ती बँक अशा वेळी व्याजदर कमी करते. बँक ऑफ जपानने फेब्रुवारी १९९९ मध्ये अल्पमुदतीचा दर जवळपास शून्यावर आणला, पण भाव एक टक्का उतरत असताना शून्य दरसुद्धा वास्तवात एक टक्का ठरतो, आणि शून्याच्या फार खाली जाता येत नाही, कारण लोक ठेवी काढून रोख घरी ठेवू शकतात. ऑगस्ट २००० मध्ये बँकेने दर वाढवण्याची घाई केली आणि काही महिन्यांतच तिला माघार घ्यावी लागली. २०१३ मध्ये बँकेचे नवे गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी दोन वर्षांत दोन टक्के भाववाढीचे उद्दिष्ट जाहीर करून प्रचंड रोखेखरेदी सुरू केली, २०१६ मध्ये दर उणे ०.१ टक्क्यावरही नेला. भावांची घसरण थांबली, तरी उद्दिष्ट टिकाऊपणे गाठले गेले नाही, कारण वेतन वाढेल यावर ना कामगारांचा विश्वास होता ना भाव वाढवू पाहणाऱ्या दुकानदारांचा. २०१६ मध्ये आकागी न्यूग्यो या कंपनीने आपल्या ६० येनच्या बर्फकांडीची किंमत १० येनने वाढवली, तेव्हा तिचे अधिकारी आणि कर्मचारी जाहिरातीत रांगेने उभे राहून ग्राहकांपुढे मान झुकवताना दिसले.

२०२२ पासून आयात इंधन आणि धान्य महागले, येन घसरला आणि कंपन्यांना भाव वाढवणे भागच पडले. तरीही बँक ऑफ जपानने उणे व्याजदर लगेच सोडला नाही. आयातीतून आलेली महागाई ओसरली की जुनी सवय परत येईल अशी तिला भीती होती, म्हणून तिने कामगार संघटनांच्या वसंत ऋतूतील वार्षिक वेतनवाटाघाटींकडे लक्ष ठेवले. मार्च २०२४ मध्ये त्या वाटाघाटींतून तीन दशकांहून अधिक काळातील सर्वांत मोठी, पाच टक्क्यांहून अधिक वेतनवाढ पुढे आली, आणि त्याच महिन्यात बँकेने १७ वर्षांनी प्रथमच व्याजदर वाढवला.