सॅम्पल रेट बदलला, की नुसती पाटी बदलली?

आवाज चित्राच्या पुढे पळतोय, गायकाचा सूर चढलाय, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: टाइमलाइनवर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचे सॅम्पल रेट एकत्र आलेत, सगळं ४८ करून टाक. तो बिचारा करतो, आणि सूर होता तिथेच राहतो. हा सल्ला वाचून वाचून मला कंटाळा आलाय. कारण ४८ करायच्या तऱ्हा दोन आहेत. एक आवाजाला धक्का लावत नाही, दुसरी त्याचा वेग आणि सूर दोन्ही बिघडवते. बहुतेकांना पहिली माहीत असते, आणि भोगावी लागते दुसरी.

पहिली म्हणजे रूपांतर, रिसॅम्पलिंग. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने होते, त्यांवरून हिशेब करून सेकंदाला ४८,००० नवे नमुने काढायचे. दहा मिनिटांची क्लिप दहा मिनिटांचीच राहते, सूरही तोच. एडिटिंगची आजची बहुतेक सॉफ्टवेअर ४४.१ ची फाइल ४८ च्या टाइमलाइनवर टाकली की हे गुपचूप करतात. त्यामुळे दोन रेट एका टाइमलाइनवर नांदणं हा मुळात रोगच नाही. रूपांतराने आवाज खराब होतो का, यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांना माझा नमस्कार. चांगल्या कन्व्हर्टरने एकदा केलेलं रूपांतर ऐकून ओळखता येत नाही, विषय संपला.

दुसरी तऱ्हा म्हणजे पाटी बदलणं. WAV फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं आणि त्यात सॅम्पल रेटचा आकडा लिहिलेला असतो. फाइल वाजवणारं सॉफ्टवेअर त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. नमुने ४४.१ च्या वेगाने घेतलेले आणि पाटीवर ४८, असं झालं की तेच नमुने भराभर संपतात. दहा मिनिटांचं गाणं ९ मिनिटं ११.२५ सेकंदांत उरकतं आणि सूर सुमारे दीड अर्धस्वराने चढतो, नेमकं सांगायचं तर १.४७. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन पडते, पेटीवर जिथे पट्टीच नाही. उलट घडलं, म्हणजे नमुने ४८ चे आणि पाटी ४४.१ ची, तर तेच दहा मिनिटांचं गाणं पावणेअकरा मिनिटांच्याही पुढे रेंगाळतं आणि सूर तेवढाच उतरतो.

पाटी चुकते कशी? नेहमीचा प्रकार असा: मिक्सरमधून डिजिटल केबलने येणारा आवाज मिक्सरच्या घड्याळावर, ४४.१ ला, चालत असतो. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर मात्र ४८ वर ठेवलेलं असतं आणि फाइलवर बेधडक ४८ लिहून मोकळं होतं. अशा फाइलचे गुणधर्म उघडून पाहिले तर ४८ च दिसणार. म्हणूनच ती '४८ करून' काही होत नाही. कन्व्हर्टर पाटी वाचतो, ४८ आहेच म्हणतो आणि फाइल आहे तशी परत देतो.

आता एक प्रकरण पूर्ण पाहू. भावगीतांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज ४८ चा, मिक्सरचा आवाज वरच्यासारखा लॅपटॉपवर घेतलेला. टाइमलाइनवर दोन्ही ट्रॅक सुरुवातीच्या टाळीवर जुळवले, तर अर्ध्या सेकंदातच आवाज एक फ्रेम पुढे गेलेला असतो (टाइमलाइन २५ फ्रेमची). आधी कान लावा: कॅमेऱ्याचा ट्रॅक आणि मिक्सरचा ट्रॅक एकेक करून ऐका. सूर वेगळा लागला, तर पाटीवर संशय घ्यायचा. मग मोजा. गाण्याच्या पहिल्या आणि शेवटच्या ठोक्यातलं अंतर कॅमेऱ्याच्या ट्रॅकवर ६०० सेकंद आणि मिक्सरच्या ट्रॅकवर ५५१.२५ भरलं, की भागाकार ०.९१८७५ येतो. ४४.१ भागिले ४८ म्हणजे नेमकं तेवढंच. गुन्हेगार सापडला.

उपाय दोन पायऱ्यांचा, आणि क्रम महत्त्वाचा: आधी खरी पाटी लावायची, मग रूपांतर.

```
ffmpeg -i gane.wav -af "asetrate=44100,aresample=48000" -c:a pcm_s24le gane_48.wav
```

यातलं `asetrate` नमुन्यांना हात न लावता फक्त पाटी बदलतं, `aresample` खरं रूपांतर करतं. दोन्ही तऱ्हा एका ओळीत शेजारी बसलेल्या आहेत, म्हणून मला ही आज्ञा आवडते. Audacity मध्ये हाच फरक दोन वेगळ्या मेनूंत आहे: ट्रॅकच्या स्वतःच्या मेनूतलं `Rate` म्हणजे पाटी, आणि `Tracks` मधलं `Resample` म्हणजे रूपांतर. चांगल्या फाइलवर चुकून `Rate` बदलणारे इथेच फसतात. Pro Tools मध्ये फाइल आत घेताना `Convert` ऐवजी `Add` निवडून तिथलं रूपांतर टाळलं, तरी अंगाशी येतं तो पाटीचाच घोळ.

सगळ्यात डोक्यात जाणारा इलाज वेगळाच आहे. शेवट जुळत नाही ना, मग क्लिप ताणून बसवायची, तीही सूर कायम ठेवण्याच्या पर्यायावर खूण करून. ओठ जुळतात, सगळे खूश. पण चढलेला सूर आता कायमचा चढलेला राहतो, कारण सॉफ्टवेअरने चुकीचाच सूर इमानाने जपला. ती खूण काढून वेग ९१.८८ टक्के केला तर सूर खाली येतो, हे खरं. पण खरा आकडा ९१.८७५ आहे. त्या गोळाबेरजेमुळे दहा मिनिटांच्या गाण्यात एक फ्रेमही फरक पडत नाही, तासाभराच्या मैफलीत मात्र पाच फ्रेम जातात. मूळ फाइलवर पाटी दुरुस्त करणं केव्हाही बरं.

आणि सूर दोन्हीकडे एकच असेल, सुरुवात चोख जुळत असेल, पण तासाभराने दोन-तीन फ्रेमची तफावत पडत असेल तर? मग सॅम्पल रेटच्या नावाने बोटं मोडू नका. दोन यंत्रांतली स्फटिकाची घड्याळं अगदी एका वेगाने कधीच चालत नाहीत. दोघांवर ४८ लिहिलेलं असलं तरी एकाचे ४८,००० दुसऱ्याच्या हिशेबात एक-दीड नमुन्याने कमी-जास्त भरतात. रूपांतराने हे सुटत नाही, पाटी बदलून तर मुळीच नाही. इथे मात्र ताणणं योग्य: सुरुवातीला आणि शेवटी टाळी घेऊन ठेवा, त्या दोघींतल्या अंतरावरून दहा लाखांत वीस-तीस अंशांनी वेग बदला. बोलण्याचा कार्यक्रम असेल तर दोन वाक्यांमधल्या शांततेत कापून सरकवलं तरी भागतं. आणि चित्रीकरण मोबाइलवरचं असेल, तर आवाजाला हात लावण्याआधी व्हिडिओचा फ्रेम रेट स्थिर आहे का ते पाहा. तो बदलता असला की आवाज जागेवर असतो आणि चित्र सरकत असतं.